सप्लायरकडे नवीन रेट लिस्ट आणि एमओक्यू, म्हणजे कमीत कमी किती माल घ्यावा लागेल ते, कसं विचारायचं? छोटा धंदा आहे, पहिल्यांदाच बल्क घेतोय.

व्हॉट्सॲपवरच विचारा, पण फोनवर बोलून सोडून देऊ नका, लेखी घ्या. आणि "रेट पाठवा" एवढंच टाकलंत तर दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ येते, माझं तेच झालं.

माझा मसाल्याचा घरगुती धंदा आहे, गोडा, कांदा-लसूण आणि मेतकूट. प्रिंटेड झिप पाऊच करायचे ठरले. दीर म्हणाले माणूस ओळखीतला आहे, त्याला काय लेखी विचारायचं, वाईट वाटेल. जुन्या लिस्टमध्ये 240 रुपये किलो आणि मिनिमम 100 किलो लिहिलेलं. आमचा पाव किलोचा पाऊच रिकामा साधारण 8 ग्रॅमचा, म्हणजे किलोत सव्वाशे बसतात, 100 किलोत साडेबारा हजार. तिन्ही मसाल्यांत वाटून घेऊ म्हटलं आणि दिरांनी फोनवरच छपाईच्या सिलेंडरचा ॲडव्हान्स देऊन टाकला. सिलेंडर तयार झाल्यावर कळलं, 100 किलो हे एका डिझाईनला! तीन डिझाईन म्हणजे 300 किलो, साडेसदतीस हजार पाऊच, आणि रेट आता 275. वर जीएसटी 18 टक्के. महिन्याला सगळे मिळून हजारभर पाऊच लागतात हो मला, तीन वर्षं पुरले असते, तोपर्यंत पत्ता नाहीतर एमआरपी बदललेली. शेवटी फक्त गोडा मसाला छापला, बाकी दोन डिझाईनच्या सिलेंडरचे पैसे बुडाले. मेतकूट अजून साध्या पाऊचवर स्टिकर लावून जातं, आणि खरं सांगू, कोणी गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

मी आता असं टाकते: "नमस्कार, पाव किलोचा झिप पाऊच, 6 बाय 9 इंच, सहा कलर, 3 डिझाईन. आजचा रेट किलोवर की नगावर? कधीपर्यंत धरायचा? मिनिमम दर डिझाईनला की एकूण ऑर्डरला? जीएसटी, सिलेंडर आणि ट्रान्सपोर्ट धरून की वेगळं? माल किती टक्के कमीजास्त येऊ शकतो?" शेवटचं विसरू नका, छपाईत दहा टक्के इकडेतिकडे चालतं म्हणतात आणि जास्त आलेल्याचंही बिल लावतात.

एमओक्यू कमी करा म्हणून घासाघीस करून फार हाती लागत नाही. त्यापेक्षा "100 च्या ऐवजी 50 किलो घेतले तर काय रेट लावाल" असं विचारा, आकडा तरी मिळतो.

सप्लायर लबाड होता असं नाही म्हणणार. प्रत्येक डिझाईनला मशीन सेट करताना रंग जुळेपर्यंत बरीच फिल्म वाया जाते, म्हणून मिनिमम डिझाईनवर असतं. खोके-बरण्या घेत असाल तर हे असंच लागू होईल असंही नाही. पण ओळखीतल्या माणसाला लेखी विचारलेलं वाईट वाटतं हे काही मला पटत नाही, मी गेल्या महिन्यात त्यालाच हा मेसेज टाकला, दहा मिनिटांत सगळी उत्तरं आली. दिरांना स्क्रीनशॉट पाठवलाय, अजून ब्लू टिक नाही.