बसमधल्या प्रवाशांना पहिला नमस्कार आणि पहिले प्रश्न

प्रश्न: मी नवीन गाईड आहे. बसभर प्रवाशांचं स्वागत कसं करू, आणि ते सुरुवातीलाच प्रश्न विचारतील असं काय करू?

उत्तर: मी छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या बस नेतो. बस सुटल्या सुटल्या माईक हातात घेऊ नका. सामान लागू दे, खिडक्यांवरून होणारी कुरबुर मिटू दे. मग ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून, तोंड प्रवाशांकडे करून बोला: "नमस्कार मंडळी!" आपलं नाव सांगा, ड्रायव्हरदादांचंही सांगा. लगेच पोटापाण्याचं: चहा कुठे, स्वच्छतागृह कुठे, फर्दापूर फाट्यावर बस बदलून पुढे पायऱ्या किती चढायच्या. ही काळजी मिटेपर्यंत लेण्यांचा इतिहास कुणाच्या कानात शिरत नाही.

"काही प्रश्न आहेत का?" असं विचारलंत तर बस गप्प बसते. मी म्हणतो, "अंधाऱ्या लेण्यांत ही चित्रं कशाच्या उजेडात रंगवली असतील?" आणि माईक ठेवून मधल्या वाटेनं मागच्या सीटपर्यंत जातो. माईकवर न बोलणाऱ्या आजी तिथे हळूच विचारतात, "गुडघे दुखतात, डोली मिळेल का हो?" तो प्रश्न, त्यांचं नाव न घेता, माईकवर सांगून उत्तर देतो. मग आणखी चार हात वर होतात.