नव्याने सोशल मीडिया पोस्ट भाषांतर करतोयस ना, मग हे आधी वाच

अरे, सगळ्यात आधी पोस्टचं काम काय ते बघ, हसवायचंय की काही विकायचंय, शब्द नंतर. समजा चहाच्या दुकानाची पोस्ट आहे, `Tea-rrific Monday ☕ #MonsoonVibes`. नवीन माणूस लगेच 'जबरदस्त सोमवार' लिहितो आणि कोटी गेली. त्यापेक्षा चहावरच आपल्याकडे काय खेळ होतो ते शोध, म्हणजे 'सोमवार कसाही असो, आम्ही पक्के चहाते ☕'. चाहते आणि चहा दोन्ही आले, आणि वाचताना अर्थ सांगत बसावा लागत नाही. सोमवार मात्र ठेवायचा, कारण पोस्ट त्याच दिवशी जाणार असते.

आता सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- हॅशटॅगला विभक्ती चिकटवणं. #पाऊस आणि #पावसात हे दोन वेगळे टॅग होतात, पहिला शोधणाऱ्याला दुसरा सापडेलच असं नाही. म्हणून टॅग मूळ रूपात वाक्याच्या शेवटी टाक.
- लांब टॅग सलग लिहिणं. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत त्यामुळे #पावसाळीचहाभजी वाचताना डोळे अडखळतात, #पावसाळी_चहा_भजी कर. हायफन नको, टॅग तिथेच तुटतो.
- #MeToo सारखा चळवळीचा किंवा क्लायंटचा ठरलेला टॅग भाषांतरित करणं. तो जसाच्या तसा राहू दे, नाहीतर पोस्ट त्या चर्चेतून बाहेर पडते.
- 'मला ☕ला जायचंय' असं इमोजीला प्रत्यय लावणं. शब्द लिही, इमोजी वाक्यानंतर.

अक्षरमर्यादेचं वगैरे नंतर बघू, आधी दहाएक छोट्या पोस्ट करून इथे टाक, कोट्या कुठे अडतायत ते बघतो.