लंबकाच्या प्रयोगाचा निष्कर्ष आणि त्रुटी, टेबल बघून

प्रश्न: साध्या लंबकाच्या प्रयोगाच्या ऑब्झर्वेशन टेबलचा फोटो टाकलाय. g सरासरी ९.६६ आलाय. निष्कर्ष आणि त्रुटी विश्लेषण काय लिहू? "ह्युमन एरर" लिहिलं तर चालेल का?

नुसतं ह्युमन एरर नको लिहूस, तुझ्या टेबलमध्येच खरं कारण दिसतंय.

आधी फोटोतले आकडे नीट वाचून घे. तिसऱ्या ओळीत ३६.१ आहे की ३०.१ ते पुसट आहे, पण ६० सेमीला २० दोलनांना ३१.३ सेकंद लागलेत म्हटल्यावर ८० सेमीला त्याहून कमी लागूच शकत नाहीत, म्हणजे ३६.१ च.

आता सरासरी बाजूला ठेव आणि g = 4π²L/T² वापरून प्रत्येक ओळीचा g वेगळा काढ. मी काढला: ४० सेमीला ९.५६, ६० ला ९.६७, ८० ला ९.६९, १०० ला ९.७२. सगळे ९.८ पेक्षा कमी, आणि लांबी वाढेल तशी चूक कमी होत जातेय, हेच महत्त्वाचं आहे. स्टॉपवॉच दाबायला मागेपुढे झालं असतं तर काही ओळी वर गेल्या असत्या काही खाली. लंबक २० अंशांपर्यंत ओढून सोडला असता तर g साधारण दीड टक्क्याने कमी आला असता खरा, पण सगळ्या ओळींत सारखाच. आणि सोडतानाच "एक" मोजून १९ दोलनांना २० धरलं असतं तर g उलट १० टक्क्यांच्या वर जास्त आला असता.

लहान लांबीला जास्त चूक म्हणजे प्रत्येक लांबीत ठरावीक सेंटिमीटर कमी धरलेत. तुझ्या कॉलमवर "दोऱ्याची लांबी" लिहिलंय आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात गोळ्याचा व्यास २ सेमी दिसतोय. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात, म्हणजे त्रिज्येचा १ सेमी राहिलाय. ४१, ६१, ८१, १०१ घालून बघ, g येतो ९.८०, ९.८३, ९.८२, ९.८२. तरी एकदा ज्याने मोजलं त्याला विचारून घे, दोरा गाठीपासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजला होता ना, कारण न विचारता आकडे जुळले म्हणून लिहिणं बरोबर नाही.

त्याने हो म्हटलं तर निष्कर्ष असा लिही: "T² हे L च्या समप्रमाणात आढळले. गोळ्याची त्रिज्या मिळवल्यावर g चे सरासरी मूल्य ९.८२ मी/से² आले." त्रुटीत लिही: "दोऱ्याच्या लांबीत त्रिज्या न धरल्याने g आधी ९.६६, म्हणजे सुमारे १.४ टक्के कमी आला होता. ही पद्धतशीर त्रुटी आहे, जास्त वेळा मोजून ती जात नाही. वेळ मोजताना ०.१ सेकंद चुकला तर ४० सेमीच्या ओळीत g सुमारे ०.०७ ने बदलतो, ही यादृच्छिक त्रुटी आहे."

टेबलमधले मूळ आकडे मात्र खोडू नकोस, शेजारी दुरुस्त लांबीचा नवीन कॉलम काढ.