नोकरी स्वीकारल्याचं पत्र: होकार देण्याआधी काय विचारायचं, नंतर काय

मॅडम, मी बी.कॉम. आहे. गेली दोन वर्षं कराडमध्ये एका फायनान्स कंपनीत काम करते, पगार १८ हजार. सांगलीच्या एका नागरी सहकारी बँकेत कनिष्ठ लिपिक म्हणून माझी निवड झाली. ४ मे २०२६ तारखेचं नेमणूकपत्र ई-मेलवर आलं. १ जूनला रुजू व्हा, पाच दिवसांत लेखी स्वीकृती कळवा, असं त्यात आहे. 'बँकेच्या नियमानुसार जामीन व हमीपत्र द्यावे लागेल' एवढंच लिहिलंय, बाकी कागदपत्रांची यादी नाही. सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. राजीनामा अजून दिलेला नाही. गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या आहेत, आधार आणि पॅन सासरच्या नावाचं. छोटं, नीट उत्तर कसं लिहू? मराठीत चालेल ना?
– एक वाचक, कराड

नमस्कार. मराठीत चालेल. नेमणूकपत्र मराठीत आलंय, म्हणजे त्या कार्यालयाचा पत्रव्यवहार मराठीत आहे. उत्तर त्याच भाषेत आणि त्याच ई-मेलला 'रिप्लाय' करून द्या. मजकुराचा नमुना खाली देते. पण आज त्याआधी एक फोन करा.

पाच दिवस ९ मेला भरतात. तो दुसरा शनिवार आहे, त्या दिवशी बँका बंद असतात. म्हणून शुक्रवार, ८ मे हाच शेवटचा दिवस समजा. हे उत्तर तुम्हाला बुधवारी मिळेल. हाताशी अडीच दिवस आहेत आणि तेवढे पुरतात.

आता तारखेचं बघू. राजीनामा ८ मेला दिला, तर ३० दिवस ७ जूनला संपतात. म्हणजे १ जूनला रुजू होणं जमत नाही. अशा वेळी बरेच जण 'नेमणूक मान्य आहे, मात्र मी ८ जूनला येईन' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. समोरच्याने दिलेली तारीख बदलून दिलेला होकार हा सरळ होकार ठरत नाही, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव होतो. बँकेने तो मानला तर प्रश्न नाही. नाही मानला, किंवा पत्र कोणी नीट वाचलंच नाही, तर मुदत उलटून जाते आणि तुमची स्वीकृती बँकेकडे पोचलेलीच नसते. तोवर इकडे राजीनामा दिलेला असेल, तर दोन्हीकडून अडकाल. म्हणून तारीख आधी ठरवून घ्या आणि ठरलेली तारीख घालून बिनशर्त होकार द्या.

फोन नेमणूकपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. सहकारी बँकेत बहुतेक वेळा आस्थापना विभाग किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे स्वीय सहायक असतात. "सध्याच्या नोकरीत ३० दिवसांची नोटीस आहे, १० जूनला रुजू झाले तर चालेल का?" एवढंच विचारा. मी ८ ऐवजी बुधवार, १० जून सुचवते, कारण ७ जून रविवार आहे आणि कार्यमुक्तीचं पत्र शेवटच्या दिवशी हातात पडेलच असं नाही. ते मिळवायला आणि सांगलीत मुक्कामाची सोय लावायला मधले दोन दिवस उपयोगी पडतील. फोनवर हो म्हणाले, तरी तेवढ्यावर थांबू नका. लगेच दोन ओळींचा ई-मेल पाठवा: 'आज दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार माझी रुजू होण्याची तारीख १० जून २०२६ करावी व तसे ई-मेलने कळवावे, ही विनंती.' गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर पुन्हा फोन करा. बँकांत असं विसरणं नेहमीचं आहे, फोन करायला संकोच वाटू देऊ नका.

बँक १ जूनवर अडून राहिली, तर ३१ मे तुमचा शेवटचा दिवस होईल आणि नोटीस सात दिवस कमी पडेल. १८ हजारांवर दिवसाचे ६०० रुपये धरले, तर ४,२०० रुपये भरून सुटता येतं का ते तुमच्या कंपनीच्या नेमणूकपत्रात वाचा. काही ठिकाणी ही सोय कर्मचाऱ्याच्या हातात असते, काही ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर. मर्जीवर असेल तर तुमच्या व्यवस्थापकांशी बोलून घ्या, पण त्याआधी बँकेचं अंतिम म्हणणं काय ते कळू द्या.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट विचारायची आहे, आणि ती मला तारखेइतकीच महत्त्वाची वाटते. 'जामीन व हमीपत्र' हे तुम्हाला कागदपत्रांपैकी एक वाटतंय. खरं तर ती नोकरीची अट आहे. जामीनदार किती हवेत, ते पगारदारच असावेत का, हमीपत्रात ठरावीक वर्षं नोकरी करण्याचं बंधन आहे का, आणि मधेच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे सगळं होकार देण्याआधी कळायला हवं. 'पत्रातील अटींसह मान्य' असं लिहून दिल्यावर दोन वर्षांचं बंधन समोर आलं, तर बोलायला जागा उरत नाही. हमीपत्राचा कोरा नमुना ई-मेलवर मागवा आणि घरी शांतपणे वाचा. मूळ गुणपत्रिका बँकेकडे ठेवून घेण्याची अट असेल, तर त्याविषयी स्पष्ट बोला. मूळ कागद पडताळणीला दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या आणि मूळ त्याच दिवशी परत घ्यायचे, ही रीत योग्य आहे. माझ्या मते मूळ कागद कोणाच्याच कपाटात ठेवू नयेत.

तारीख लेखी आली, हमीपत्र वाचून पटलं, की शुक्रवारी सकाळी हे पत्र पाठवा:

विषय: कनिष्ठ लिपिक पदाची नेमणूक स्वीकारल्याबाबत
संदर्भ: आपले पत्र जा. क्र. ……, दि. ४ मे २०२६ व आपला ई-मेल दि. ७ मे २०२६

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी

महोदय,
वरील संदर्भीय पत्राने मला देण्यात आलेली कनिष्ठ लिपिक पदाची नेमणूक पत्रातील अटींसह मला मान्य आहे. आपल्या ७ मेच्या ई-मेलनुसार मी बुधवार, दि. १० जून २०२६ रोजी सकाळी १० वाजता मुख्य कार्यालयात रुजू होईन.

रुजू होताना आणावयाच्या मूळ कागदपत्रांची व प्रतींची यादी कृपया कळवावी. शारीरिक क्षमता प्रमाणपत्र व पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आवश्यक असल्यास ते कोणाचे चालेल, तसेच हमीपत्रासाठी मुद्रांक कागद किती किमतीचा व कोणाच्या नावे घ्यावा, हेही कळवावे. माझी शैक्षणिक कागदपत्रे विवाहापूर्वीच्या नावाची आहेत. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरेसे होईल का, याबद्दल मार्गदर्शन व्हावे.

नेमणूकपत्राची स्वाक्षरी केलेली प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
(पूर्ण नाव, आधारवर आहे तसे, भ्रमणध्वनी)

सकाळी १० ही वेळ नेमणूकपत्रात असेल तशी बदला. 'आपण दिलेल्या सुवर्णसंधीबद्दल', 'मी जिवापाड मेहनत करीन' असली वाक्यं घालू नका. हे पत्र तुमच्या सेवापुस्तकाच्या फाइलमध्ये लागणार आहे, आणि फाइल उघडणाऱ्याला पद, तारीख आणि होकार एवढंच शोधायचं असतं. स्वाक्षरीची प्रत म्हणजे नेमणूकपत्राच्या प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर तारीख, आणि सगळी पानं मिळून एकच पीडीएफ. मोबाइलवर काढलेले सुटे, तिरके फोटो पाठवू नका.

यादी मागताना आधार, पॅन, फोटो, रद्द केलेला धनादेश यांचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. ते कुठेही लागतात, काढून ठेवा. ज्या कागदांना वेळ लागतो किंवा जे चुकीचे काढले तर पैसे वाया जातात, तेवढेच विचारले आहेत. क्षमता प्रमाणपत्र काही बँकांना कोणत्याही नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरांचं चालतं, काहींना जिल्हा शल्यचिकित्सकांचंच हवं असतं, आणि त्यासाठी साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एक दिवस मोडावा लागेल. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करतात, मग स्थानिक ठाण्याकडून पडताळणी होते. दोन-तीन आठवडे धरून चाला. तुमचा आजचा पत्ता कराडचा, म्हणून अर्ज सातारा जिल्हा पोलिसांकडे जाईल. सांगलीला राहायला गेल्यावर करू म्हणाल, तर नव्या पत्त्याचे पुरावे गोळा करण्यात महिना जाईल. मुद्रांकाचं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात पूर्वीच्या १०० रुपयांच्या कामांना ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला आहे. चुकीच्या नावाने घेतला, तर तेवढे पैसे अडकतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

नावाच्या फरकावर विवाह नोंदणी प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. काही बँका राजपत्रात छापलेला नावबदल मागतात आणि त्याला वेळ लागतो, म्हणूनच हा प्रश्न पत्रातच घातला. लग्नाची नोंदणी केली नसेल, तर ती या आठवड्यातच सुरू करा.

राजीनामा शुक्रवारी दुपारी द्या, स्वीकृतीचा ई-मेल गेल्यानंतर. त्यात शेवटचा दिवस ७ जून असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. कंपनीकडून कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागा. कार्यमुक्तीचं पत्र १० जूनपर्यंत आलं नाही, तर राजीनामा स्वीकारल्याचा कंपनीचा ई-मेल तोपर्यंत चालेल का, हे बँकेला दोन-तीन दिवस आधी विचारा. बहुतेक जण आठ-पंधरा दिवसांची मुदत देतात, पण न विचारता रिकाम्या हाताने गेलेल्याला परत पाठवल्याचीही उदाहरणं आहेत.

तुमचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर १२ अंकी यूएएन पगारपावतीवर बघून लिहून ठेवा. बँकेत रुजू होताना 'फॉर्म ११' भरून घेतात, त्यात हाच क्रमांक द्यायचा. 'पहिलीच नोकरी' अशी खूण करून नवा क्रमांक काढू नका, दोन क्रमांक झाले की जुनी रक्कम वळवताना फार खेटे पडतात. यूएएनवर नाव माहेरचं आहे की सासरचं, हेही आताच तपासा. आधारशी जुळत नसेल, तर दुरुस्तीला सध्याच्या कंपनीची मदत लागू शकते, आणि तुम्ही तिथे कामावर असताना ती सहज मिळेल. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख ईपीएफओच्या नोंदीत घातली आहे का, ते जुलैमध्ये बघा. नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन घालता येते.