नाकारलेलंही लिही, कारणासकट

बेटा,

बुटीबोरीच्या गोडाऊनमधल्या मालमोजणीबद्दल तू लिहिलेली निर्णय-नोंद वाचली. तीन पानं लिहूनही रात्रपाळीच्या सुपरवायझरनं "मग ठरलं काय?" असं विचारलं, म्हणून तू हिरमुसलास. पण त्याचा प्रश्न रास्त आहे. मेल आले त्या क्रमानं तू सगळं लिहून काढलंस. तो रजेवर होता. वाद कसा रंगला याच्याशी त्याला काय देणंघेणं? १ जुलैला आपल्या पाळीत काय बदलणार, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून पहिली ओळ निर्णयाचीच: "१ जुलैपासून महिनाअखेरीला गोडाऊन बंद ठेवून मोजणी होणार नाही, रोज ठरलेले रॅक मोजायचे." त्याखाली कोणी ठरवलं, कधी, आणि गैरहजर माणसांपैकी कोणाला काय करायचं आहे. ते अर्ध्या पानात बसतं.

माझा जीव अडकलाय तो पुढच्या गोष्टीत. रविवारी मोजायचा पर्याय "चर्चेअंती मागे पडला" असं लिहून तू मोकळा झालास. का मागे पडला? मेलमध्ये स्पष्ट आहे: माणसांचे आठवड्याचे ४८ तास शनिवारीच भरतात, वरच्या तासांना दुप्पट दर लागतो. हे लिहिलं नाहीस, तर सुपरवायझर परत आल्या आल्या "रविवारी का नाही?" म्हणेल आणि सगळी मीटिंग पुन्हा होईल. लिहिलंस, तर उद्या पाळ्या बदलून रविवार नेहमीच्या तासांत आला की तो पर्याय पुन्हा उघडायचा, हे कोणालाही कळेल. नाकारलेलं कारणासकट लिही, बाबा. कारणासकट!

अकाउंट्सच्या मॅडमपुढे तू "सहमत" लिहिलंस. त्यांचा मेल परत वाच. ३१ मार्चची पूर्ण मोजणी ऑडिटरसमोर होणारच असेल तर हरकत नाही, असं त्या म्हणतात. ती अट निर्णयाचाच भाग आहे. आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी उत्तरच दिलेलं नाही. तिथे "उत्तर आलं नाही" असंच लिही. गप्प राहिले म्हणजे होकार दिला असं धरू नकोस.

मला लोक हेकट म्हणत आले. मीटिंग उठताना मी दाराशी थांबून "काय नाकारलं, का नाकारलं?" विचारायचो, त्याचा त्यांना वैताग यायचा. यायचाच. पण ज्यांना कारणं तोंडपाठ होती ते एकेक करून निवृत्त झाले, आणि ज्या मीटिंगांना मी नव्हतो तिथली कारणं कुठल्याच कागदावर उरली नाहीत. याची खंत मला आजही आहे. म्हणून तुझ्यावर चिडतो.

पुढे निर्णय बदलला तर ही नोंद खोडू नकोस. नवी लिही, आणि जुनीवर "अमुक नोंदीनं बदलली" एवढं टाक. आणि सगळ्यांना पाठवण्याआधी ज्यांचं म्हणणं नाकारलं त्यांना त्यांच्यापुरता परिच्छेद दाखव. "हो, माझं म्हणणं हेच होतं" असं ते म्हणाले की मग पाठव.