'शेतकऱ्यांनी' चॅटवर पाठवले की रफार का होतो?

प्रश्न : मी फोनवर 'कऱ्हाड', 'साताऱ्याला', 'शेतकऱ्यांनी' असं बरोबर टाइप करतो, पण कामाच्या चॅटवर पाठवलं की समोरच्याला रफार दिसतो. त्याच चॅटवर माझ्या सहकाऱ्याचे तेच शब्द नीट जातात. हे कशामुळे होतं आणि काय करावं?

उत्तर : आपण दोघे डोळ्यांना सारखेच दिसणारे अक्षर वेगवेगळ्या संकेतांनी लिहीत आहात. आपल्या कळफलकातून येणाऱ्या क्रमात एक अदृश्य चिन्ह असते आणि चॅट ते वाटेत काढून टाकते; सहकाऱ्याच्या क्रमात ते चिन्हच नसल्यामुळे त्यांचा शब्द शाबूत राहतो. मी साताऱ्यात अक्षरजुळणीचे काम करतो आणि पत्रिका, नोटिसा, अहवाल यांचा बहुतेक मजकूर आता चॅटवरूनच येत असल्यामुळे हा दोष मला वारंवार निस्तरावा लागतो.

युनिकोडमध्ये र चा पाय मोडून पुढे य लिहिला, तर नियमाप्रमाणे रफारच मिळतो : सूर्य, कार्य, धैर्य. 'साताऱ्याला' मधला आडवा अर्धा र हवा असेल, तर तसे वेगळे सांगावे लागते आणि ते सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे U+200D, असा क्रम असतो. दुसऱ्या रीतीत साध्या र ऐवजी ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे U+0931, घेऊन त्याचा पाय मोडतात आणि जोडकाची गरजच पडत नाही. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात दुसरी रीत मुख्य मानलेली असून, जोडकाची रीत जुन्या 2.0 आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवलेली आहे. काही कळफलक मात्र अजूनही पहिलीच रीत वापरतात.

'साताऱ्याला' हाच शब्द पायथॉनमध्ये तपासून पाहता येतो. येथे मुद्दाम संकेतांकांनी लिहितो, म्हणजे नक्कल करताना काही गळणार नाही.

```python
a = "साता\u0930\u094d\u200dयाला"   # जोडकासह
b = "साता\u0931\u094dयाला"         # ऱ वापरून
c = a.replace("\u200d", "")         # चॅटनंतर
print(len(a), len(b), len(c))       # 11 10 10
```

a आणि b पडद्यावर सारखेच दिसतात. c मध्ये जोडक गेल्यावर मागे केवळ र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि य एवढेच उरते, त्यामुळे फाँट आपल्या नियमाप्रमाणे रफार काढतो आणि 'सातार्याला' असे दिसते. फाँटची यात काहीच चूक नसते, म्हणून फाँट बदलून उपयोग होत नाही.

चॅट हे चिन्ह काढते यामागे कारण आहे. अदृश्य चिन्हे वापरून लोक रिकामे निरोप पाठवतात, दुसऱ्याच्या नावासारखे दिसणारे नाव घेतात किंवा बंदी असलेला शब्द मध्येच तोडून गाळणीतून पार करतात. ते थांबवण्यासाठी कार्यक्रम लिहिणारे `[\u200B-\u200D\uFEFF]` अशी सरसकट गाळणी लावतात आणि तिच्यात मराठीचा जोडकही सापडतो. जोडक पाय मोडण्याच्या चिन्हानंतर आला असेल तर तो राहू द्यावा, एवढी एकच अट पुरेशी ठरली असती. संकेतस्थळांच्या नावांबाबत 2010 च्या आरएफसी 5892 या इंटरनेटच्या प्रमाणात नेमकी हीच अट घातलेली आहे. ती चॅटमध्येही पाळली जावी, असे मला मनापासून वाटते, कारण येथे केवळ अक्षराचे वळण बदलत नाही. 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम द्यावी' ही सूचना 'आचार्यांना' अशी पोहोचली, तर पैसे स्वयंपाक करणाऱ्याऐवजी गुरुजींना द्यायचे असे वाचले जाते, आणि ठोसेघरच्या 'दऱ्या' 'दर्या' झाल्या की डोंगरातून थेट समुद्रावर जाऊन पोहोचतात. जोडक वापरून मुद्दाम सुटे लिहिलेले इतर अर्धे वर्ण, उदाहरणार्थ क आणि ष वेगवेगळे दिसणारा क्ष, जोडक गेल्यावर नेहमीच्या जोडाक्षरात परत जातात. तेथे रूप बदलते, पण शब्द तोच राहतो.

आपल्याकडे दोष नेमका कुठे आहे, हे ठरवण्यासाठी वरचे a आणि b हे दोन्ही शब्द पायथॉनमध्ये छापून, एकाच निरोपात शेजारी शेजारी चिकटवावेत आणि पाठवावेत. पाठवल्यावर फक्त पहिल्याचा रफार झाला, तर जोडक गळतो आहे. दुसऱ्यातही ऱ च्या खाली टिंब आणि पाय मोडल्याची खूण सुटी दिसत असेल, तर समोरच्या उपकरणातला जुना फाँट कमी पडतो आहे आणि तो बदलावा लागेल. पाठवण्यापूर्वीच, टाइप करताना रफार दिसत असेल, तर मात्र चॅटला दोष देऊ नये. तेथे कळफलकच साधा र देत आहे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे ऱ वापरून लिहिणे. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक असल्यास Shift+J ने ऱ येतो, d ने पाय मोडतो आणि / ने य येतो. 'कऱ्हाड' लिहिताना य च्या जागी u दाबून ह घ्यावा. फोनवर ऱ ही कळ असलेला कळफलक निवडावा. तयार मजकूर पाठवायचा असेल, तर आधी तो पायथॉनमध्ये s या नावाने घेऊन एवढी एक ओळ चालवावी :

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

याचा एक जोडफायदा याद्यांमध्ये होतो. एका यादीत 'कऱ्हाड' जोडकाने आणि दुसरीत ऱ ने लिहिलेले असेल, तर शोध घेताना ते दोन वेगळे शब्द ठरतात, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. सर्व नोंदी ऱ वर आणल्या की गाव एकाच नावाने सापडते.

हा उपाय पाठवण्यापूर्वीच करावा लागतो. जोडक एकदा गेला, की यांत्रिक नियमाने तो परत बसवता येत नाही, कारण 'आचार्यांना' आणि 'कार्यांना' हेही बरोबर शब्द आहेत. ह च्या बाबतीत तरी सगळे रफार बदलून टाकावेत, असे वाटते, पण मग अर्जातली 'अर्हता' बिघडते. म्हणून आलेल्या मजकुरासाठी मी शेतकरी, कर्मचारी, अधिकारी, सातारा, कऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ अशा हमखास शब्दांच्या रूपांची बदलयादी ठेवली आहे. तेवढे बदल आपोआप होतात. आचारी आणि दरी यांची रूपे त्या यादीत घातलेली नाहीत. ती प्रत्येक वेळी वाक्य वाचून हातानेच दुरुस्त करावी लागतात.