राखीची मोठी ऑर्डर, उधारी आणि मोडायची एफडी

प्रश्न : मी ऐरोलीत राहते. घरी राख्या करून सोसायट्यांमधल्या प्रदर्शनांत विकते. गेल्या वर्षी चार हजार गेल्या. यंदा ठाण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने १५,००० राख्या १४ रुपये नगाने मागितल्या आहेत. मजुरी धरून मला नगाला ९ रुपये खर्च येतो. पैसे दिवाळीनंतर मिळतील आणि न खपलेला माल तो परत करणार. तीन लाखांची एफडी मोडून फेब्रुवारीतच सगळा कच्चा माल भरून ठेवू का? जुलैत मुलीच्या कॉलेजची ८०,००० रुपये फी आहे.

उत्तर : एफडी मोडू नका, आणि ही ऑर्डर या अटींवर घेऊ नका. व्यापाऱ्याला नकार द्या असे मात्र मी म्हणत नाही. त्याच्याशी संख्या, भाव आणि पैशांची तारीख या तिन्हींवर नव्याने बोला.

आधी यंदाचे पंचांग पाहा. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २८ ऑगस्टला आहे आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. फेब्रुवारीत गुंतवलेला पैसा नोव्हेंबरच्या मध्यावर परत येणार असेल, तर तो नऊ महिने अडकतो. शिवाय श्रावण १३ ऑगस्टला सुरू होतो, म्हणजे दुकानांत राखीची खरी विक्री जेमतेम दोन आठवड्यांची. त्या दोन आठवड्यांत जे खपले नाही, ते तुमच्या घरी परत येईल. पावसाळी हवेत सोनेरी मुलाम्याचे मणी काळवंडतात, गोंद सुटतो आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक नवी नक्षी मागते. त्यामुळे परत आलेल्या राखीतून दोरी आणि साधे मणी सोडले, तर फारसे काही हाती लागत नाही, आणि ती उसवण्याची मजुरी वेगळी.

आता व्यापाऱ्याच्या अटीचा हिशेब करू. १५,००० राख्यांना १,३५,००० रुपये लागतील. सगळ्या खपल्या तर २,१०,००० येतील आणि ७५,००० रुपये नफा दिसेल. तुमच्या डोळ्यांसमोर हाच आकडा असावा. परंतु जाकडावर, म्हणजे न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर, दिलेल्या मालात सगळे खपले असे धरून चालत नाही. पाचवा हिस्सा, म्हणजे ३,००० राख्या परत आल्या, तर हातात १,६८,००० येतात आणि नफा ३३,००० वर उतरतो. साधारण ५,३५० राख्या परत आल्या, तर नफा शून्य होतो. व्यापाऱ्याची जोखीम यात कुठेच नाही. माल तुमचा, मजुरी तुमची आणि नऊ महिन्यांचे व्याजही तुमचेच.

याऐवजी त्याच्यापुढे असा प्रस्ताव ठेवा : ८,००० राख्या, भाव १४ ऐवजी १३ रुपये, परतीची अट नाही आणि माल पोचताच पैसे. यात नगामागे ४ रुपये सुटतात, म्हणजे ३२,००० रुपये. पाचवा हिस्सा परत येणाऱ्या मोठ्या ऑर्डरपेक्षा हा नफा फक्त हजार रुपयांनी कमी आहे, पण काम जवळपास निम्मे आणि लागणारे भांडवल १,३५,००० ऐवजी ७२,०००. भावात रुपया सोडायला मन तयार होत नाही, हे मी अनेक गृहउद्योगांत पाहिले आहे. तरीही येथे तो रुपया सोडणे मला शहाणपणाचे वाटते.

या ८,००० राख्यांचेही दोन हप्ते करा. ऑर्डर पक्की करताना २५,००० रुपये आगाऊ मागा आणि तेवढे हाती आल्यावरच भुलेश्वर किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटला खरेदीला जा. पहिल्या ४,००० राख्यांचा खर्च ३६,००० असल्यामुळे तुमच्या खिशातून ११,००० जातील. हा माल मेअखेर पोचवा आणि आगाऊ रक्कम वजा जाता उरलेले २७,००० घ्या. मग दुसऱ्या हप्त्याचे ३६,००० आणि तुमच्या स्वतःच्या चार हजार राख्यांचे, जरा बरे पॅकिंग धरून, ५०,००० असा खर्च जून-जुलैत होईल. तेव्हा तुम्ही सर्वांत खोलात, म्हणजे सुमारे ७०,००० रुपये उणे असाल. जुलैच्या मध्यावर दुसऱ्या हप्त्याचे ५२,००० आले की ती तूट १८,००० वर येते आणि ऑगस्टमधल्या प्रदर्शनांतून ती भरून निघते. फेब्रुवारीत फक्त दोरी, साधे मणी, कार्डे आणि पिशव्या घ्या. राखीच्या मधला नक्षीचा भाग प्रत्येक हप्त्याच्या वेळी घ्या, कारण मागणी बदलली तर आधी जुना ठरतो तो हाच भाग. मजुरीवर येणाऱ्या बायका मे महिन्यात गावी जातात, तेव्हा पहिल्या हप्त्याचे बहुतेक काम एप्रिलअखेर उरकलेले असावे.

ही ७०,००० ची तूट भागवण्यासाठी एफडी मोडण्याची गरज नाही. बँकेकडून त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. त्याचे व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त असते आणि जितके पैसे जितके दिवस वापरले तितक्यावरच लागते. एफडीचे व्याज दरम्यान चालू राहते. मुदतीआधी मोडल्यास मात्र बहुतेक बँका दंड लावतात आणि प्रत्यक्ष जितका काळ पैसे ठेवले त्या काळाचाच दर देतात. तुमची एफडी करबचतीची, पाच वर्षांची नाही ना, एवढे पाहून घ्या, कारण तिच्यावर कर्ज मिळत नाही. मर्यादा एक लाखाचीच मागा, बँक जास्त देऊ म्हणाली तरी. फीच्या ८०,००० रुपयांची सोय घरच्या बचतीतून वेगळी करता येत असेल तर उत्तम. नसेल तर ती याच ओव्हरड्राफ्टमधून जाईल, पण मग मर्यादा १,५०,००० ची ठेवावी लागेल आणि व्यापाऱ्याचे पैसे चुकले तर फीसाठी धावाधाव होईल, हे आजच ओळखून ठेवा.

एक काम लगेच करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. तुम्ही स्वतः माल बनवता, त्यामुळे ही नोंदणी असली की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. १५ जुलैला दिलेल्या मालाचे पैसे दिवाळीनंतर देण्याची अट या मुदतीत बसत नाही. मात्र जाकडाच्या चिठ्ठीवर माल गेला तर तो विकलाच गेला नाही असे व्यापारी म्हणू शकतो. म्हणून तारखेसह पक्के बिल आणि त्यावर त्याची सही घ्या. वर्षाला एकदा भेटणाऱ्या व्यापाऱ्यावर कोणी दावा लावत नाही, हे मलाही ठाऊक आहे. या तरतुदीचा खरा उपयोग आज, बोलणी चालू असताना, पैशांची तारीख दिवाळीपर्यंत पुढे ढकलत नेणे थांबवण्यासाठी आहे.

व्यापारी परतीच्या अटीवरच अडून बसला, तर त्याला ३,००० राख्यांपेक्षा जास्त देऊ नका. त्यांचा खर्च २७,००० आहे. सगळ्या बुडाल्या तरी घरखर्चाला किंवा फीला धक्का लागू नये. आणि रोखीच्या अटीवर पहिला हप्ता दिल्यानंतर १० जूनपर्यंत त्याचे उरलेले २७,००० आले नाहीत, तर दुसऱ्या हप्त्याचा कच्चा माल घेऊ नका. तोवर जमवलेली दोरी आणि मणी तुमच्या प्रदर्शनाच्या राख्यांकडे वळवा.